13 अब्ज चालतात, पण 47 अब्ज बसवावे लागतात

«मिक्स्ट्रल 8x7B या भाषा-मॉडेलचे एका वेळी 13 अब्जच पॅरामीटर चालतात, मग ऐरोलीच्या आमच्या ऑफिसातल्या 80 जीबीच्या एका ए100 जीपीयू कार्डावर ते का मावत नाही?»

कारण कुठले 13 अब्ज लागणार हे आधी कळत नाही. प्रत्येक थरात 8 एक्स्पर्ट, म्हणजे मॉडेलचे वेगवेगळे भाग, असतात. राउटर दर टोकनला, म्हणजे शब्दाच्या दर तुकड्याला, त्यातले 2 निवडतो, पुढच्या टोकनला भलतेच दोन असू शकतात. म्हणून सगळे 47 अब्ज मेमरीत हवेत. 16 बिटमध्ये साधारण 93 जीबी. 4 बिटवर आणलंत तर एका कार्डात बसेल, उत्तरांचा दर्जा थोडा घसरेल.

दोन कार्डं घेतलीत तर हिशेब बघण्यासारखा आहे. टोकन काढताना वेळ खातं ते मेमरीतून वजनं वाचणं, गणित नव्हे. एकटाच माणूस असेल तर टोकनमागे 26 जीबी वाचायचे. दोन्ही कार्डांचा मिळून सेकंदाला 4 टीबी वेग धरला तर साडेसहा मिलिसेकंद. 32 जण एकत्र आले की जवळपास सगळेच एक्स्पर्ट कुणाला ना कुणाला लागतात: 93 जीबी, 23 मिलिसेकंद. पण तेवढ्यात 32 टोकन निघतात, म्हणजे माणशी पाऊण मिलिसेकंदही नाही! चौघांत मात्र ही मजा नाही. दोन-तृतीयांश एक्स्पर्ट वाचावेच लागतात, माणशी 4 मिलिसेकंद पडतात.

त्यामुळे बॅच, म्हणजे एकत्र चालणाऱ्या विनंत्यांचा गट, भरलेली ठेवा. मॉडेल चालवणारं vLLM हे सॉफ्टवेअर हे एनएमएमटीच्या बससारखं करतं, एक उतरला की पुढच्या स्टॉपवर दुसरा चढतो. गर्दीची मर्यादा ठरते ती केव्ही कॅशवर, म्हणजे प्रत्येकाच्या आधीच्या मजकुराच्या मेमरीतल्या नोंदीवर, उरलेल्या साठेक जीबीत मावेल तेवढीच. लांबलचक पीडीएफ टाकणारे बरेच जण एकत्र आले की रांग लागलीच म्हणून समजा.