लग्नेश आठव्यात म्हणजे आयुष्य वाया? जरा कुंडली उघडून बघा

लग्नेशाबद्दल, म्हणजे लग्नराशीच्या स्वामीबद्दल, सर्रास ऐकू येणारा नियम असा: "लग्नेश सहा, आठ किंवा बाराव्यात पडला की जन्मभर रडगाणं. केंद्र-त्रिकोणात असला की राजयोग पक्का. आणि हे फळ जन्मापासून शेवटपर्यंत सारखंच राहतं."

आधी रास बघा. मेष लग्नाचा मंगळ आठव्यात गेला तर तो स्वतःच्याच वृश्चिकेत असतो. तूळ लग्नाचा शुक्र आठव्यात वृषभेत, म्हणजे तोही स्वगृही. सहाव्यात गेला तर मीनेत, म्हणजे चक्क उच्चीचा. कुंभ लग्नाचा शनी बाराव्यात मकरेत, पुन्हा स्वगृही. धनू लग्नाचा गुरू आठव्यात कर्केत उच्चीचा. या सगळ्यांना एकाच तराजूत घालणारा नियम शास्त्राचा नाही, आळसाचा आहे.

उलट बाजूही तशीच. वृषभ लग्नाचा शुक्र पंचमात, म्हणजे त्रिकोणात, गेला तर कन्येत नीच होतो. कन्या लग्नाचा बुध सप्तमात, केंद्रात, मीनेत नीच. नीचभंग, म्हणजे नीचपणा रद्द करणारा योग, आहे का, हे न तपासताच 'राजयोग' म्हणून मोकळं होणं धाडसाचंच.

आता एक उदाहरण नीट सोडवू. मिथुन लग्न, बुध मकरेत ४ अंशांवर. राशीकुंडलीत तो आठवा. मकर बुधाला समराशी, म्हणून लक्ष मकरेच्या स्वामीकडे, शनीकडे वळतं. शनी नवमात कुंभेत स्वगृही असेल तर बुधाला भक्कम आधार मिळतो; अष्टमाची खोलात शिरण्याची वृत्ती संशोधन, विमा, वारसाहक्काची कामं अशा वाटांनी जाते. तोच शनी लाभात मेषेत नीच असेल तर हीच वृत्ती काळजी आणि अडकलेल्या कामांत खर्ची पडते. बुध जागचा हलला नाही, तरी वाचन बदललं. शिवाय बुध सूर्यापासून २८ अंशांपेक्षा लांब जात नाही, त्यामुळे तो सूर्याच्या जवळ जाऊन अस्तंगत आहे का हेही पाहावं लागतं.

त्यात लग्न २७ अंशांवर असेल तर गंमत. समान भाव धरून २७ अंश हा भावमध्य मानला, तर अष्टम भाव मकरेच्या १२ अंशांपासून सुरू होतो. म्हणजे ४ अंशांवरचा बुध भावचलितात सातवा! लग्न साधारण ४ मिनिटांत एक अंश सरकतं, म्हणून ग्रह दोन भावांच्या संधीजवळ असेल तर जन्मवेळ तपासल्याशिवाय भाव ठरवू नये.

राहिलं 'सारखंच राहतं'. लग्नेशाचं फळ मुख्यतः त्याच्या दशेत, म्हणजे त्याच्या वाट्याच्या कालखंडात, उघडतं. वरच्याच कुंडलीत चंद्र अश्विनीच्या अगदी आरंभी असेल तर विंशोत्तरी दशापद्धतीत केतूपासून सुरुवात होते आणि बुधाची १७ वर्षांची महादशा १०३ वर्षांनंतर येते. तोवर बुध फक्त अंतर्दशांतून बोलणार. शुक्राच्या महादशेतली त्याची अंतर्दशा २ वर्षं १० महिन्यांची.