ब्लोअरच्या मोटरची शिट्टी बेअरिंगची नाही

★☆☆☆☆
"मोटर रिवाइंड करून घेतली, दोन्ही बेअरिंगंही बदलली. तुमच्या बेंचवर गप्प चालली. ब्लोअरला जोडून लोड आला की कानात घुसणारी शिट्टी वाजते. आधी नुसती घरघर होती, हा आवाज नव्हता. बेअरिंग हलकं टाकलंय हे उघड आहे. दुसऱ्याकडून परत बदलून घेणार."

नमस्कार सर,

बेअरिंग परत काढायच्या आधी हे एकदा वाचा, अशी विनंती आहे. चांगलं बेअरिंग पुलरने ओढलं की ते पुन्हा बसवण्याच्या लायकीचं राहत नाही, आणि शिट्टी जिथल्या तिथे राहील.

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही क्लिप स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपमध्ये उघडून पाहिल्या. लोडवरच्या क्लिपमध्ये तीन टोकं वर आलेली दिसतात: ९७८, १०७८ आणि ११७८ हर्ट्झ. मधलं सगळ्यात उंच आहे. तुमची मोटर ४ पोलची, ५० हर्ट्झवर चालणारी. लोडवर टॅकोमीटरने तुम्ही १४७० आरपीएम मोजलंत, म्हणजे सेकंदाला २४.५ फेरे. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बाहेर काढला की आम्ही त्याचे बार मोजून जॉब कार्डवर लिहितो. तुमच्या रोटरला ४४ बार आहेत. ४४ गुणिले २४.५ म्हणजे १०७८. बाजूची दोन टोकं बरोबर १०० हर्ट्झ खाली आणि १०० हर्ट्झ वर आहेत, आणि १०० म्हणजे सप्लायच्या फ्रिक्वेन्सीची दुप्पट. हे अंतर महत्त्वाचं आहे. फिरणाऱ्या कुठल्याही भागाच्या आवाजाचा वेगाशी मेळ बसू शकतो, पण एका टोकाच्या दोन्ही बाजूंना सप्लायच्या दुपटीएवढ्या अंतरावर जोडीदार असतील तर तो आवाज चुंबकाकडून येतोय, असं मी धरतो.

हे घडतं कसं ते सांगतो. बाहेरचा स्थिर स्टेटर आणि आतला रोटर दोघांनाही स्लॉट असतात, त्यामुळे त्यांच्यामधल्या एअर गॅपमधलं चुंबकीय क्षेत्र गुळगुळीत नसतं. स्लॉटच्या तोंडापाशी ते कमी, दातापाशी जास्त, असं सतत वरखाली होतं. रोटर फिरताना त्याचे चढउतार स्टेटरच्या चढउतारांसमोरून सरकतात आणि स्टेटरच्या कोअरला त्रिज्येच्या दिशेने ओढणारं बल कमीजास्त होत राहतं. तुमच्या स्टेटरला ४८ स्लॉट आहेत. ४८ आणि ४४ मधला फरक ४, म्हणून १०७८ हर्ट्झचं बल कोअरला परिघावर चार ठिकाणी बाहेर आणि त्यांच्या मधल्या चार ठिकाणी आत दाबतं. ही हालचाल डोळ्याला दिसणार नाही इतकी लहान असते, पण बॉडीचा सगळा पत्रा तिच्याबरोबर हलतो आणि १००० हर्ट्झच्या आसपास आपले कान खूप तीक्ष्ण असतात.

बेंचवर ऐकू आली नाही आणि ब्लोअरवर आली, याचं कारणही यातच आहे. नो लोडवर रोटरच्या बारमध्ये करंट जवळजवळ नसतो. लोड आला की बारमधून करंट वाहतो, त्याचं स्वतःचं क्षेत्र या चढउतारांत भर घालतं आणि शिट्टी वर येते. लोडवर मोटरचा आवाज वाढतो हे आयईसी ६००३४-९ या मानकानेही धरलेलं आहे. त्यात नो लोडची मर्यादा वेगळी आणि लोडवर अपेक्षित असलेली वाढ वेगळी दिली आहे. दुसरं म्हणजे आमचा बेंच जड आहे. तुमची मोटर पत्र्याच्या फ्रेमवर आहे, बेल्टगार्डही पत्र्याचाच, आणि पत्रा असा आवाज उचलून मोठा करतो.

बेल्ट काढून घेतलेल्या क्लिपमध्ये वेग १४९६ आरपीएम आहे आणि मधलं टोक १०९७ वर गेलंय, खूपच बारीक होऊन. वेगात फक्त २६ आरपीएमचा फरक, पण सूर १९ हर्ट्झने सरकला, कारण तो फरक ४४ ने गुणला गेला. बाजूची टोकंही ९९७ आणि ११९७ वर, म्हणजे अंतर पुन्हा १०० च. मोटरला थंड ठेवणाऱ्या पंख्याला ७ पाती आहेत, त्यामुळे त्याचा सूर १७२ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तेवढ्याच फरकाला तो जेमतेम ३ हर्ट्झ हलतो. शिवाय पंख्याचा आवाज बहुतेक वाऱ्याचा सूं सूं असतो, एका सुरावर टिकणारी शिट्टी नव्हे. शंका असेल तर कव्हरच्या जाळीवर क्षणभर पुठ्ठा धरा. पंख्याचा आवाज लगेच बदलेल, शिट्टी तशीच राहील. पुठ्ठा लगेच काढा, मोटर तापते.

बेअरिंगची गोष्ट वेगळी. बाहेरच्या रिंगवर ओरखडा असेल तर ८ गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये फेऱ्याला साधारण तीन ठोके पडतात, म्हणजे तुमच्या वेगाला ७५ हर्ट्झच्या जवळपास. कानाला ती खरखर किंवा कडकड वाटते. स्क्रूड्रायव्हरचं टोक एंड शील्डवर बेअरिंगच्या जागी टेकवून, मूठ कानाला लावून ऐका, मग तेच बॉडीच्या मध्यावर करा. बेल्ट आणि शाफ्टपासून हात आणि कपडे लांब ठेवा. बेअरिंगचा आवाज टोकाला जास्त येतो, चुंबकाचा मधल्या बॉडीवर.

सगळ्यात सोपी चाचणी मात्र स्विचची. लोडवर चालू असताना सप्लाय तोडा. चुंबकाची शिट्टी डोळ्याचं पातं लवायच्या आत गप्प होते. पंखा आणि बेअरिंगचे आवाज वेगाबरोबर हळूहळू उतरत जातात आणि मोटर थांबेपर्यंत ऐकू येतात. मोटर ड्राइव्हवर असेल तर आधी स्टॉप मोड कोस्टवर, म्हणजे मोटर आपली आपण फिरत थांबेल असा, ठेवा, नाहीतर ड्राइव्ह रॅम्पने थांबवते आणि शेवटपर्यंत चुंबक चालू राहतं. या एकाच चाचणीवर विसंबू नका, एवढं सांगेन. सप्लाय तुटताच रोटरवरचा चुंबकीय ओढा जातो आणि सैल बेअरिंगचा आवाजही कधी कधी त्याच क्षणी बदलतो. म्हणून मी फ्रिक्वेन्सी पाहिल्याशिवाय मत देत नाही.

"आधी हा आवाज नव्हता" हे तुमचं म्हणणं मी खोटं मानत नाही. जुन्या बेअरिंगची घरघर इतकी होती की तिच्याखाली ही शिट्टी दबलेली असणार. आम्ही टर्न, वायर आणि कॉइलचा पिच मूळ होता तसाच ठेवला. पिच बदलूनही हा सूर जात नाही, कारण स्लॉटमुळे उठणाऱ्या लाटेचा, म्हणजे स्लॉट हार्मोनिकचा, वाइंडिंग फॅक्टर मूळ लाटेएवढाच असतो; तो मारायला गेलात तर टॉर्कही मारला जातो. स्लॉटची संख्या आणि रोटरचा तिरपेपणा मोटर बनतानाच ठरतात.

तुमच्या हातात असलेलं एवढं करा. टर्मिनलवरचं व्होल्टेज लोडवर मोजा. नेमप्लेटपेक्षा जास्त असेल तर क्षेत्रही जास्त असतं आणि हे बल क्षेत्राच्या वर्गाने वाढतं. मोटर आणि फ्रेमच्या मध्ये रबर पॅड बसवा, बेल्टगार्ड काढू नका, तो घट्ट करून पाहा.

एक गोष्ट मात्र आमच्या अंगावर येऊ शकते. एअर गॅप एका बाजूला कमी झाला असेल, म्हणजे एंड शील्डच्या बोअरमध्ये ढिलाई किंवा रोटरला रनआउट असेल, तर हीच शिट्टी वाढते, आणि रनआउटमुळे, म्हणजे रोटर मध्यावरून हलत फिरत असेल तर, १०७८ च्या दोन्ही बाजूंना २४.५ हर्ट्झच्या अंतरावर बारीक टोकं उगवतात. तुमच्या क्लिपमध्ये मला ती दिसत नाहीत, पण फोनच्या माइकवर मी शंभर टक्के भरवसा ठेवत नाही. लोडवर चालू असताना सप्लाय तोडल्याची क्लिप आणि व्होल्टेजचा आकडा पाठवा. ती टोकं दिसली तर मोटर घेऊन या, बोअर आणि रनआउट तुमच्यासमोर डायल लावून मोजतो, आणि दोष निघाला तर दुरुस्तीचे पैसे घेणार नाही.