ऱ्हस्व-दीर्घ सुधारून काम संपत का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "लेख वाचला. तपासायला दिलेलं पान तुम्ही जवळजवळ नवंच लिहून काढलंत, असं दिसतंय. माझा स्वतःचा छोटा कारखाना आहे. वेबसाइट मुलाने केली, मजकूर मी लिहिला. माझी भाषा साधी असेल, पण ती माझी आहे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारा, पैसे घ्या, विषय संपला. सूर वगैरे बघायला सांगितलंय कोणी? आणि बटणावर काय लिहिलंय ते वाचतं कोण? गिऱ्हाईक सरळ फोन लावतं."

नमस्कार.

मालकाची भाषा मालकाचीच राहिली पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. ती राहावी म्हणूनच मी ऱ्हस्व-दीर्घावर थांबत नाही. लेखात ज्या घरघंटी बनवणाऱ्या कंपनीची पानं मी तपासली होती, त्या पानांवरूनच सांगतो. ओळख पटेल असे तपशील आणि साल मी बदलले आहेत, वाक्यांची मोडतोड मात्र जशी होती तशी ठेवली आहे.

मुखपृष्ठावरचं पहिलं वाक्य असं होतं:

"आमच्या कंपनीमध्ये घरगुती पिठाची गिरणी, मसाला कांडप यंत्र बनविले जातात व तुमच्या गरजेनुसार सर्वोत्तम सेवा देत आहोत."

यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तुम्ही सांगता तसं काम केलं असतं, तर हे वाक्य मी बरोबरची खूण करून परत दिलं असतं. पण गिरणी स्त्रीलिंगी, यंत्र नपुंसकलिंगी, दोन्ही एकवचनी, आणि क्रियापद मात्र "बनविले जातात". 'व'च्या अलीकडे गिरण्या कोण बनवतं ते सांगितलेलंच नाही, आणि पलीकडे "देत आहोत" आल्यावर कुठून तरी 'आम्ही' उगवतात. वाचणाऱ्याला व्याकरण सांगता येत नसलं, तरी तो तिथे अडखळतो.

असं वाक्य एका बैठकीत लिहिलं जात नाही. पहिला अर्धा भाग जुन्या छापील माहितीपत्रकातला होता, दुसरा वेबसाइट करताना जोडला होता. छोट्या कंपन्यांच्या पानांवर तुटलेली वाक्यं बहुतेक अशा सांध्यावरच सापडतात. ती शोधायला मजकूर मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक क्रियापदापाशी "कोण?" असं विचारायचं. उत्तर त्याच वाक्यात मिळालं नाही, किंवा अर्ध्यावर बदललं, तर वाक्य तुटलेलं आहे.

मी ते असं केलं: "आम्ही घरगुती पिठाच्या गिरण्या आणि मसाला कांडप यंत्रं बनवतो." आणि तिथे थांबलो. "सर्वोत्तम सेवा" म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, आणि ते ठरवणं माझं कामही नव्हतं. मालकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "गिरणी बंद पडली की आमचा माणूस घरी जाऊन दुरुस्त करतो. लांबचं गिऱ्हाईक असेल तर पार्ट कुरिअरने पाठवतो आणि फोनवर सांगून बसवून घेतो." हे जवळजवळ शब्दशः पानावर गेलं. आता तुम्हीच सांगा, या दोनांपैकी मालकाची भाषा कोणती?

'आमच्याविषयी'च्या पानावर आणखी मोठी मोडतोड होती. "१९९८ साली स्थापन झालेली आमची कंपनी, ज्याचे संस्थापक माझे वडील, ते लेथवर काम करायचे, आज आम्ही संपूर्ण महाराष्ट्रात पोहोचलो आहोत." एका वाक्यात तीन कर्ते, आणि 'कंपनी' हा पहिला कर्ता क्रियापदाविनाच सोडून दिलेला. इथे शब्द बदलायची गरजच नव्हती, वाक्य कुठे तोडायचं एवढंच ठरवायचं होतं. "माझे वडील लेथवर काम करायचे. १९९८ साली त्यांनी ही कंपनी सुरू केली. आज आमच्या गिरण्या महाराष्ट्रभर जातात." लेथ मी पुढे आणला, कारण त्या पानावर दुसऱ्या कोणत्याही कंपनीला लिहिता येणार नाही अशी तेवढीच एक गोष्ट होती.

याच पानावर "२० वर्षांहून अधिक अनुभव" होता आणि मुखपृष्ठावर "२५ वर्षांची परंपरा". दोन्ही मजकूर लिहिले गेले तेव्हा आपापल्या जागी खरे असतील, पण एकाच दिवशी दोन्ही वाचणाऱ्याला कोणता खरा ते कळत नाही. वर्षं मोजून लिहिली की ती दर वर्षी शिळी होतात. दोन्हीकडे "१९९८ पासून" करायचं सुचवलं. मालकांनी जुनी कागदपत्रं पाहून साल पक्कं केल्यावरच ते पानावर घातलं.

आता सुराचं. त्या दोन पानांवर गिऱ्हाइकाशी चार माणसं बोलत होती. माहितीपत्रकातलं "आपल्या सेवेस सदैव तत्पर", मालकांच्या मुलाने लिहिलेलं "तुम्हाला काही अडचण आली तर", डिझायनरने मोठ्या चित्रावर टाकलेलं "आजच तुझी घरघंटी बुक कर!", आणि तळाशी "ग्राहकांनी नोंद घ्यावी". गिरणी घेणाऱ्यांत पन्नाशीच्या बाई असतात, नव्याने घर मांडलेली जोडपी असतात. ओळखदेख नसलेल्या दुकानाने त्यांना 'तू' म्हणावं, असं मालकांना स्वतःला तरी चाललं असतं का? त्यांनी ती ओळ तोवर वाचलीच नव्हती. मोठं चित्र म्हणजे डिझाइन, ते तपासायचं नसतं, असं त्यांना वाटत होतं.

'आपण' मी पूर्णच काढलं. "आपण जाळ्या बदलून दळण जाड-बारीक करू शकतो" या वाक्यात आपण म्हणजे गिऱ्हाईक, की कंपनी, की सगळेच? दोन ओळींवर "आपली कंपनी" होतं, तिथे कंपनीच जणू वाचणाऱ्याची झाली होती. म्हणून कंपनी म्हणजे 'आम्ही' आणि वाचणारा 'तुम्ही', हे एकदा ठरवलं आणि दोन्ही पानांवर तसंच ठेवलं. 'केले' की 'केलं' हेही तसंच. मुलाच्या परिच्छेदात 'केलं' होतं, तो परिच्छेद सगळ्यांत बोलका होता, म्हणून त्याच्याकडे बाकीचा मजकूर नेला. सूर मी माझ्याकडून आणत नाही. पानावर जे सगळ्यांत चांगलं जमलेलं असतं, तेच माप म्हणून घेतो.

एक ठिकाण तर असं होतं की तिथे मी जुना मजकूर परत आणला. डिझायनरने "तापमान नियंत्रित दळण प्रक्रिया" लिहिलं होतं, आणि जुन्या माहितीपत्रकात मालकांचं वाक्य होतं, "दळण गरम होत नाही." गिरणीवर उभं राहून पिठात हात घातलेल्या कोणालाही दुसरं वाक्य लगेच कळतं. शिवाय डिझायनरच्या वाक्यात एक दावाही आहे: तापमान नियंत्रित म्हटलं की ते नियंत्रित करणारं काही तरी यंत्रात असावं लागतं. मी विचारलं, तर तसं काही नव्हतं.

जिथे मी हात लावत नाही त्या जागाही सांगतो, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे. गिऱ्हाइकांचे अभिप्राय मी तसेच ठेवतो, त्यातल्या चुकांसकट. ते दुसऱ्या माणसाचं बोलणं आहे. आणि ज्या शब्दाने व्यवहार बदलतो, तो शब्द एकसारखेपणासाठी बदलत नाही. मुखपृष्ठावर मोटरीची "गॅरंटी" होती, 'आमच्याविषयी'मध्ये "वॉरंटी". दिसायला ही साधी विसंगती आहे, पण आपल्या बाजारात गॅरंटी म्हटलं की गिऱ्हाईक वस्तू बदलून मागतं आणि वॉरंटी म्हटलं की दुरुस्ती. मी अंदाजाने एक शब्द निवडला असता आणि तो चुकीचा निघाला असता, तर भांडण मालकांच्या दारात आलं असतं. अशा जागी मी मजकूर तसाच ठेवून शेजारी प्रश्न लिहितो. उत्तर आलं: दुरुस्ती फुकट, बदलून नाही. मग दोन्हीकडे वॉरंटी झालं, आणि खाली एक वाक्य वाढलं, "मोटर बिघडली तर आम्ही ती पैसे न घेता दुरुस्त करून देतो."

बटणं. गिऱ्हाईक फोन लावतं, बरोबर आहे. पण वेबसाइटवर तो फोनही एका बटणातूनच लागतो. परिच्छेद न वाचणारा माणूस बटणं तेवढी वाचतो. त्या मुखपृष्ठावर "अधिक जाणून घ्या" हे बटण तीनदा होतं. एक गिरण्यांच्या पानावर जायचं, एक पीडीएफ उघडायचं, एक चौकशीच्या फॉर्मवर नेऊन सोडायचं. चौथं होतं "आता खरेदी करा", आणि ते दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं. त्या साइटवर खरेदीची सोयच नव्हती! मालकांची तक्रार होती की लोक नुसतं "हाय" पाठवून गप्प होतात. खरेदी करायला निघालेल्या माणसापुढे अचानक चॅट उघडलं, तर तो दुसरं काय लिहिणार?

म्हणून प्रत्येक बटण मी मोबाइलवर स्वतः दाबून पाहतो, जे घडतं ते लिहून ठेवतो आणि मग नाव ठरवतो. ती चार बटणं अशी झाली: "गिरण्यांचे प्रकार पाहा", "माहितीपत्रक उघडा (पीडीएफ)", "चौकशी पाठवा", "व्हॉट्सअ‍ॅपवर किंमत विचारा". शेवटचं लांब आहे. छोट्या फोनवर ते दोन ओळींत गेलं आणि वरच्या ओळीच्या वेलांट्या कापल्या जाऊ लागल्या, कारण बटणाची उंची इंग्रजी अक्षरं धरून ठरवलेली होती. तिथे "किंमत विचारा" एवढंच ठेवून शेजारी व्हॉट्सअ‍ॅपचं चिन्ह दिलं.

डोळ्यांना न दिसणारा मजकूरही यात येतो. बटणाचं नाव मराठीत बदललं, तरी मागे हे राहिलं होतं:

```html
<html lang="en-US">
<a href="/girnya/" aria-label="Read more">गिरण्यांचे प्रकार पाहा</a>
```

अंध व्यक्तीचा फोन `aria-label`मधलं वाचून दाखवतो, दिसणारं नाव नाही. म्हणजे तिला "Read more" ऐकू येतं. त्यातून पान इंग्रजी आहे असं वर जाहीर केलेलं, त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला जाण्याची शक्यता. तो `aria-label` काढून टाकायचा आणि वर `lang="mr"` करायचं, एवढंच काम आहे. तुमच्या मुलाला दाखवा, त्याला लगेच जमेल.

त्याच बैठकीत तुमचा फॉर्मही रिकामा पाठवून बघा, आणि मग भरून पाठवा. त्या कंपनीच्या फॉर्ममध्ये रिकाम्या रकान्याखाली "This field is required." यायचं आणि पाठवल्यावर "Thank you for your message." हे संदेश पानावर एरवी दिसत नाहीत, ते फॉर्मच्या सेटिंगमध्ये असतात, म्हणून तपासणीतून निसटतात. पहिल्याच्या जागी "फोन नंबर लिहायचा राहिला आहे" लिहिलं. दुसऱ्याच्या जागी काय लिहायचं ते मालकांना विचारलं, कारण उत्तर किती वेळात देणार हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं, "चौकशी मिळाली. उद्या संध्याकाळपर्यंत आम्ही फोन करतो. रविवारी कारखाना बंद असतो." यातली एकही वेलांटी मी बदलली नाही.