गैरहजेरीचा मेसेज पावणेबारालाच का? (एका पालकांच्या कमेंटला उत्तर)

कमेंट: "मॅडम, परिपत्रक वाचलं. शाळा अकराला भरते आणि मूल आलं नाही हे आम्हाला पावणेबाराला कळणार? मी नोकरी करते, माझ्यासाठी पाऊण तास खूप आहे. हजेरी घेतली की लगेच मेसेज पाठवायला काय हरकत आहे?"

ताई, परिपत्रक लिहिताना मीही याच ओळीवर सगळ्यात जास्त अडकले होते. जूनमध्ये आम्ही तुम्ही म्हणता तसंच केलं होतं, वर्गशिक्षकांनी अकरा दहाला हजेरी सेव्ह केली की त्याच मिनिटाला मेसेज. पण आपल्याकडची एसटी पावसात वीस-पंचवीस मिनिटं सहज लेट होते, आणि एका दिवशी सातवीतल्या नऊ घरी 'आपला पाल्य आज गैरहजर आहे' असं गेलं, मुलं तेव्हा एसटीतच होती. एका मुलीची आई शेतातून तशीच धावत आली, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, आणि मुलगी वर्गात बसून गणितं सोडवत होती. त्यांना पाणी दिलं तर हातातला ग्लास थरथरत होता.

त्याहून वाईट पुढे झालं. असे मेसेज तीन-चारदा गेल्यावर लोक म्हणायला लागले, बस लेट असेल. पुढच्या आठवड्यात एक मुलगा खरंच घरून निघून शाळेत आलाच नव्हता, वडिलांनी मेसेज बघितला आणि सोडून दिला, मुलगा दुपारी पुलाखाली मित्राबरोबर सापडला. म्हणून आता अकरा दहाची हजेरी नुसती सेव्ह होते, साडेअकराला उशिरा आलेल्यांची दुरुस्ती, मग ऑफिसमध्ये रजेचा निरोप आलेली नावं काढायची आणि उरलेल्यांनाच पावणेबाराला मेसेज.

पण तुमच्या कमेंटमुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती ती आली. जी मुलं चालत किंवा सायकलने येतात त्यांच्यासाठी एसटीची वाट बघण्यात काहीच अर्थ नाही. त्यांची यादी वेगळी केली आहे, सोमवारपासून ती अकरा वीसपर्यंत आली नाहीत तर ऑफिसमधून घरी थेट फोन येईल, पहिली ते चौथीच्या सगळ्याच मुलांसाठीही तसंच. सुधारित परिपत्रक उद्या मुलांच्या दप्तरात येईल.

फोन मुद्दामच ठेवलाय, कारण अॅपचा मेसेज नेट बंद असलं की अडकतो आणि नेट चालू केल्यावर संध्याकाळी येऊन पडतो. शिवाय अँड्रॉइड १३ पासून अॅप पहिल्यांदा उघडलं की नोटिफिकेशनची परवानगी विचारतं, तिथे घाईत 'नको' दाबलं गेलं असेल तर काहीच येत नाही आणि आपल्याला वाटतं शाळेने पाठवलंच नाही. आज रात्री फोनच्या सेटिंगमध्ये शाळेचं अॅप उघडून नोटिफिकेशन चालू आहे का तेवढं बघा. गृहपाठाचे मेसेज नको असतील तर तिथेच तो प्रकार बंद करता येतो, 'हजेरी' मात्र चालू ठेवा. आणि ऑफिसमध्ये तुमचा कामावरचा नंबर दिलेला नसेल तर तो द्या, आमच्याकडे बऱ्याच जणांचा घरचाच आहे.