रुसलास का रे?

“आता मित्रांची थट्टाही करायची नाही का? तिकडे जाऊन फार नाजूक झालात तुम्ही लोक.” – शाळेच्या ग्रुपवर संज्या.

नाजूक म्हणे! इंग्लंडात, लीड्समधल्या माझ्या ऑफिसात दिवसभर एकमेकांची जी टिंगल चालते, ती ऐकून संज्याला घाम फुटेल. पण इथल्या २०१० च्या समानता कायद्यात ‘माझा तसा हेतू नव्हता’ म्हणून सुटता येत नाही, परिणामही बघतात. अर्थात इथले लोक काही जन्मजात शहाणे नाहीत. आमच्याच यॉर्कशर क्रिकेट क्लबात अझीम रफीक या खेळाडूला दिलेली वांशिक शिवी चौकशीत ‘मैत्रीतली थट्टा’ ठरली. २०२१ साली ते बाहेर आलं तेव्हा कुठे प्रायोजक पळाले.

संज्याचं निम्मं खरं आहे. आपल्याकडे टोपणनाव पाडल्याशिवाय दोस्ती पक्की होत नाही. पण ग्रुपमधल्या दिल्याचं दुकान बंद पडल्यापासून संज्याने त्याला ‘शटर’ केलं. सुरुवातीला दिल्या टोला परतवायचा, “तुझी उधारी बुडाली म्हणून पडलं रे.” मग नुसते हसरे चेहरे टाकू लागला. मग गप्प. मग गेट-टुगेदरला ‘जमणार नाही’. शेवटी तो ग्रुपमधून बाहेर पडला, तर कुणीतरी लगेच परत आत घेतलं आणि वर लिहिलं, ‘रुसलास का रे शटर?’

सगळे म्हणतात, इथे जरा अती झालं. मी म्हणतो, अती आधीच झालं होतं, त्याचे टोले थांबले तेव्हा. त्यानंतर एकाच माणसावर, एकाच दुखऱ्या जागी, सगळ्यांनी मिळून चाललं होतं.

प्रमोदला वाटलं विषय शाळेचा आहे. त्याने मुलाला स्कूलबसमध्ये चिडवतात म्हणून दुसरी बस सुचवा, असं लिहिलं. मेधा कॉलेजात रॅगिंगविरोधी समितीवर आहे. ती म्हणाली, महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात चिडवणंही धरलंय, पण ते विद्यार्थ्यांपुरतं. इथे संज्यानेच दिल्याला फोन करायचा. ‘वाईट वाटलं असेल तर सॉरी’ नको, ‘ते नाव बंद’ एवढंच सांगायचं. तो ‘चालतं रे’ म्हणाला तरी बंदच. ग्रुपवर जाहीर माफी नको, तो दुसरा तमाशा. आणि पुन्हा कुणी ते नाव घेतलं तर अडवायचं संज्यानेच, नाव त्याने पाडलंय.

मला मेधाचं पटतं, तरी संज्याचा पुरता राग येत नाही. ऑफिसात सगळे एकमेकांना चिडवतात, मला मात्र कुणी नाही. माझं आडनाव काचेचं भांडं धरावं तसं जपून उच्चारतात. ग्रुपवर कुणी ‘ढोल्या’ म्हटलं की तेवढ्यापुरता मी डोंबिवलीचा असतो. दिल्यालाही आधी ‘शटर’मध्ये असंच काही वाटलं असेल का, विचारायला हवं.

संज्याने अजून फोन केलेला नाही. मेधा रोज विचारते.