पाच हजारात लग्नाचा पहिला वाढदिवस (महाबळेश्वर वगळून)

आत्याच्या मुलाचा फोन आला. "दादा, पाच हजारात महाबळेश्वर होईल काय रे? आमचं वर्ष होतंय." मी म्हटलं, होईल, पण त्यात जेवण धरू नकोस.

यावर बरेच जण नाराज होतील, तरी लिहितो. सांगलीहून एसटीने जाणाऱ्या, स्वतःची गाडी नसलेल्या जोडप्याने कमी पैशात महाबळेश्वरच्या नादी लागू नये. गाव सुंदरच आहे. पण पॉइंट एकमेकांपासून लांब, त्यामुळे टॅक्सी करावीच लागते आणि निम्मं बजेट तिथंच उडतं. उरलेलं खोली खाते. मग दोन दिवस नवरा-बायको एकमेकांशी बोलण्याऐवजी हिशोब बोलतात. त्यापेक्षा घाटाखाली वाईत मुक्काम करा. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, पण खोलीच्या दरात फरक मोठा.

सगळ्यात आधी वार बघितला. यांचं लग्न गेल्या डिसेंबरच्या मध्यावर झालं. तारखेने वाढदिवस येतोय शनिवारी, म्हणजे पुण्या-मुंबईच्या गर्दीत आणि चढ्या दरात. मी आत्याला कालनिर्णय काढायला लावलं. मध्ये अधिक महिना आलेला नसेल तर तिथी साधारण अकरा दिवस आधी येते. यांची निघाली मंगळवारी. आत्या खूश, कारण तिच्या मते तिथीच खरी. मी खूश, कारण मंगळवारी लॉजवाला मोकळा असतो आणि दोन पैसे कमी करतो. गुरुवारी सूनबाईंचा मार्गशीर्षातला उपवास, म्हणून बुधवारी रात्री घरी पोचायचं हेही आपोआप ठरलं. (मटणाच्या ताटाचा विषयही मार्गशीर्षामुळे मिटला. स्वस्तात पडलं.)

आता खर्च. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. जोडप्याने प्रवास केला की दीड तिकिटात काम होतं. सांगली ते सातारा आणि सातारा ते वाई, जाऊन-येऊन दोघांचे मिळून साडेआठशेच्या आसपास. वाई-पाचगणी वर-खाली आणखी सत्तर धरले. खोली चौदाशे. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा सहाशे. दोन दिवसांचं खाणं-पिणं बाराशे. पेढे आणि स्ट्रॉबेरी चारशे. बेरीज पंचेचाळीसशे वीस. राहिलेले चारशे ऐंशी कशासाठी ते विचारायचं नाही, ते चुकलेल्या गाडीसाठी असतात.

खोलीचं जरा सविस्तर सांगतो, कारण सहल बिघडते ती इथंच. फोटो बघून पैसे भरू नका, फोन करा. गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं हे पहिलं विचारा. डिसेंबरात वाईत सकाळी चांगलीच थंडी असते. एसीची गरज नाही, तेव्हा नॉन-एसीचा दर मागा. चेक-आउट चोवीस तासांचं आहे की ठरल्या वेळेचं, हेही विचारा. साडेअकराला पोचणाऱ्याला चोवीस तासवालं बरं पडतं, दुसऱ्या दिवशी बॅग खोलीत ठेवून फिरता येतं.

आणि आधार कार्ड दोघांचं लागतं. लग्नाला वर्षच झालेलं, त्यामुळे हिच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव. आडनाव एकच हवं असा कुठलाही कायदा नाही, पण काउंटरवरचे काका भुवया उंचावतात आणि पोरगी उगाच ओशाळते. विवाह नोंदणीचा दाखला मोबाईलमध्ये ठेवा. आणखी चांगलं म्हणजे बुकिंगच्या फोनवरच सांगून टाका. कुणी खळखळ केली तर दुसरं लॉज बघायला तेव्हा वेळ असतो.

काही लॉजवाले ॲनिव्हर्सरी डेकोरेशन म्हणून फुगे, पाकळ्या आणि केक असं हजार-बाराशेला गळ्यात मारतात. मी ते सरळ खोडलं. पोराचं तोंड पडलं. वहिनींनी मात्र मागून "बरं केलं दादा" म्हटलेलं फोनवर ऐकू आलं.

कार्यक्रम असा. मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराची गाडी, दहाच्या आत सातारा, स्टँडवर चहा-नाश्ता, साडेअकरापर्यंत वाई. जेवण, थोडी झोप. तीनला पसरणी घाटाने पाचगणी. टेबल लँड ही वहिनींची एकुलती एक मागणी, ती टाळायची नाही. स्टँडवर उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता ते कंट्रोलरला विचारायचं आणि मगच चढायला लागायचं. वर वारा झोंबतो, शाल जवळ असू द्या. सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तो बघून लगेच खाली.

बुधवारी सकाळी रिक्षा. आधी मेणवली, उन्हं चढायच्या आत. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर ती मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथून आणलेल्या चर्चच्या घंटांपैकी ही एक. वाडा खाजगी मालकीचा आहे, सगळी दालनं उघडी मिळतीलच असं नाही. पण खरा वेळ घाटावरच जातो. तिथून धोम. नरसिंहाचं मंदिर आणि दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. रिक्षावाल्याशी "मेणवली, धोम, थांबून परत" असं आधीच ठरवा, नाहीतर थांबण्याचे पैसे वेगळे लागतात.

परत आल्यावर ढोल्या गणपती, चालत. इथं दर्शन घेऊन लगेच निघू नका, मंदिराच्या मागे जा. मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय, पुराचं पाणी तिच्यावर येऊन दोन्ही बाजूंना फाकावं म्हणून. २०१९ ला सांगलीत पाणी बघितलेल्या माणसाला ती भिंत बघताना जे वाटतं, ते पुण्याहून आलेल्याला वाटणार नाही. नदी तीच की, आपल्या आयर्विन पुलाखालून जाते ती.

दीडच्या सुमारास सातारा, कंदी पेढे, संध्याकाळी सांगली.

"दादा, कास राहिलं की! आणि ठोसेघर?" असं त्याने विचारलंच. इन्स्टावर दिसतात ती कासची फुलं सप्टेंबरच्या आसपासची असतात, डिसेंबरात तिथं वाळलेलं गवत. ठोसेघरचा धबधबाही तोवर बारीक झालेला असतो. लिंबची बारा मोटांची विहीर मात्र मला मनापासून घालायची होती. पण एसटी हायवेला फाट्यावर सोडते आणि तिथून बॅगा घेऊन आत जायचं. टू-व्हीलर असेल तर ती चुकवू नका.

ज्यांचं लग्न मेमध्ये झालंय त्यांनी हाच प्लॅन उचलू नये, दुपारी घाटाच्या पायऱ्या पोळतात. जुलै-ऑगस्टमध्ये नदी भरलेली असते, मेणवलीच्या घाटावर बसायला मिळेलच असं नाही. तेव्हा साताऱ्यात मुक्काम करून सज्जनगड आणि ठोसेघर करा. आणि जानेवारीवाल्यांनी पौष पौर्णिमा कधी आहे ते बघून घ्या. मांढरदेवीची यात्रा असते, त्या दोन-तीन दिवसांत वाईचा स्टँड आणि लॉज दोन्ही विसरा.