‘शनिवारी रात्री १’ म्हणजे नेमकी कुठली रात्र?

सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. ‘काल रात्रीचा पहारा उत्तम पार पडला. १० ते १, १ ते ४ आणि ४ ते ७ या तिन्ही पाळ्यांच्या कार्यकर्त्यांचे मनःपूर्वक आभार!’ खाली सहा जणांची नावं. तक्त्यातून जशीच्या तशी उचललेली. त्यातले १ ते ४ चे दोघे रात्रभर आपापल्या घरी झोपले होते आणि मंडपात तीन तास मी एकटा बसलो होतो. आभार मानायच्या आधी एक फोन करून विचारावंसं कोणालाही वाटलं नाही. मेसेजखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

एकटा बसलो म्हणजे काय, ते ऐका. आमचा मंडप पार्किंगमध्ये. मूर्तीपुढे नंदादीप, त्याच्यामागे दीड हातावर कापडी पडदा आणि कागदी फुलांची झालर. पंखा चालू. पहाऱ्याला दोन माणसं लागतात ती याचसाठी, की एकाला उठायचं झालं तर दुसऱ्याची नजर ज्योतीवर राहावी. माझ्या जोडीदाराला पहाटेची गाडी होती, तो १ वाजता गेला ते बरोबरच केलं, आमची १० ते १ ची पाळी संपली होती. मला दोन वाजता लघवीला जायचं होतं. वॉचमन गेट सोडू शकत नाही, आणि तेवत असलेला दिवा मी सोडणार नाही. चार वाजेपर्यंत तसाच बसलो. साडेदोनला एक कुत्रं प्रसादाच्या ताटापर्यंत आलं, त्याला हाकलायला उठलो तेवढंच काय ते फिरणं.

फोन केले नाहीत का? केले ना! तक्त्याच्या मेसेजच्या शेवटी लिहिलंय, ‘काही अडचण आल्यास खालीलपैकी कोणालाही संपर्क साधावा’ आणि तीन नंबर. पहिला वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांनी उचलला आणि म्हणाले, ‘अहो, मी फक्त वर्गणीचं बघतो, तुम्ही तिसऱ्यांना विचारा.’ तिसरे म्हणाले, ‘नाव आहे ना तक्त्यात? मग येतील, थांबा जरा.’ तीन नंबर दिले की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने उचलला असेल. रात्री दोन वाजता उठून जबाबदारी घेणारा माणूस एकच असतो, आणि तो कोण हे संध्याकाळीच ठरलेलं असावं लागतं. त्या माणसाला त्या रात्री दुसरी ड्युटी नको, आणि तो झोपला तर फोन कोणाकडे जाणार तेही नावानिशी लिहिलेलं हवं. अध्यक्षांचा नंबर तर मुळीच नको, त्यांचा फोन दहा दिवस पाहुण्यांच्या बोलावण्यातच अडकलेला असतो.

शेवटी पावणेतीनला मी थेट वरच्या मजल्यावरच्या काकांना फोन लावला. रागाने बोलायचं असं ठरवूनच लावला होता. ते झोपेतून उठून म्हणाले, ‘अरे, माझी उद्या आहे ना? शनिवारी रात्री!’

मी तक्ता उघडला. लिहिलं होतं, ‘३० ऑगस्ट, शनिवार, रात्री १ ते ४.’

आणि काका बरोबर होते. घड्याळाच्या हिशेबाने शनिवार शुक्रवारच्या रात्री १२ वाजता लागतो, पण आपल्या बोलण्यात ‘शनिवारी रात्री’ म्हणजे शनिवारी जेवणं झाल्यानंतरची रात्र. पंचांगातही वार सूर्योदयाला बदलतो. मध्यरात्रीनंतरच्या रेल्वेच्या तिकिटात ज्यांची एकदा फसगत झाली आहे, त्यांना हे पक्कं माहीत असतं. गुरुवारच्या रात्री १ वाजताचे दोघे वेळेवर आले, कारण ते रेल्वेतच नोकरीला आहेत, तारीख कधी बदलते हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. आज पहाटेचे दोघेही ४ च्या ठोक्याला हजर होते, कारण त्यांच्या ओळीत ‘पहाटे’ असं लिहिलं होतं, आणि ‘शनिवारी पहाटे’ म्हटलं की कोणाचाही गोंधळ होत नाही. घोळ फक्त १२ ते ३ च्या मधला. एका शब्दाचा.

मग हे लिहायचं कसं? तारखेप्रमाणे ओळी पाडायच्याच नाहीत, रात्रीप्रमाणे पाडायच्या. ‘शुक्रवार २९ ची रात्र, संध्याकाळच्या आरतीनंतर: १० ते १ अमुक आणि अमुक, १ ते ४ अमुक आणि अमुक, ४ ते ७ अमुक आणि अमुक. शनिवारी सकाळी सुटका.’ एक रात्र, एक मथळा, तिन्ही पाळ्या त्याच्याखाली. संपलं.

पण नाही. आमच्याकडे आधी बाप्पाचं चित्र, मग चार ओळींचं सुवचन, मग सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं, आणि ड्युट्या ‘अधिक वाचा’च्या खाली. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांनंतर बदलता येत नाही, म्हणून चूक दिसली की नवीन मेसेज. ‘सुधारित’. मग ‘सुधारित अंतिम’. जुने कोणी पुसत नाही, त्यामुळे अर्धी सोसायटी पहिल्या तक्त्यावर आणि अर्धी तिसऱ्यावर चालते.

आणि ते वाक्य! ‘ज्यांना जमणार नाही त्यांनी कळवावे.’ कोणाला न विचारता नावं घालायची आणि गप्प राहिला तो कबूल झाला असं धरायचं. माझ्या बायकोचं नाव गेल्या वर्षी महाप्रसादाच्या स्वयंपाकात परस्पर घातलं होतं, तिने मेसेज वाचला तेव्हा ती ऑफिसात होती. त्याच महाप्रसादाला वाढायला चौदा नावं आणि पातेली घासायला एकही नाही. रात्री अकराला ती घासली कोणी? तिनेच, आणखी दोघींबरोबर. विसर्जनाला तर ‘सर्वांनी दोरी धरण्यास सहकार्य करावे’ असं होतं. ढोलापुढे नाचायला सोसायटीतली सगळी पोरं आणि दोरीला आम्ही दोघे. माझ्या तळहाताची साल निघाली होती. सर्वांना सांगितलेलं काम कोणाचंच नसतं, माणसाचं नाव घेऊन, तोंडाने विचारून, ‘हो’ ऐकल्यावरच तक्त्यात घालायचं असतं.

हेही सांगतो. तो तक्ता मीही बुधवारी वाचला होता आणि खाली ‘ओके’ लिहिलं होतं. माझी ओळ बघितली आणि बंद केला. माझ्यानंतर कोण येणार, त्याला माहीत आहे का, हे मीही विचारलं नाही. पाळी सोडण्याआधी पुढच्याला फोन करायचा, हे १० ते १ वाल्याचंच काम आहे, आणि मी १२ वाजता तो केला असता तर काका खाली आले असते.

म्हणून आता झोपण्याआधी फोन घेऊन बसलोय. काका आज रात्री येतायत, त्यांचा जोडीदारही. पण तक्त्यात आजच्या रात्रीसाठी ‘३१ ऑगस्ट, रविवार, रात्री १ ते ४’ अशी वेगळीच दोन नावं आहेत. त्यातला एक म्हणाला, ‘आज ना, माहितीये.’ दुसरा म्हणाला, ‘रविवारी रात्री, उद्या.’ एकाच ओळीतले दोघे! उरलेल्या सात रात्रींची चौदा माणसं आहेत. चौघांशी बोलणं झालं, बाकीच्यांना संध्याकाळच्या आरतीला गाठणार आहे.